डोंगरावरचा पांढरा ठिपका

टीं.

पंखा थांबला आणि टेबलाखालचा यूपीएस ओरडला. दुपारी अडीचला आमच्या गल्लीत इतकं सामसूम असतं, की तेवढासा आवाजही भांडं पडल्यासारखा वाटतो. मी आधी आरोहीकडं बघितलं. गादीवर आडवी, एक पाय माझ्या मांडीवर. पापणी हलली, कूस बदलली, परत झोपली. मी पायाच्या अंगठ्यानं यूपीएसचं बटण दाबून त्याला गप्प केलं. लाईट येईपर्यंत वीस मिनिटं तरी कॉम्प्युटर चालणार होता, आणि पोरगी उठेपर्यंत फार तर तास.

स्क्रीनवर डोंगर होता. डोंगर म्हणजे काय, दुधात बोट बुडवून काढल्यासारखी एक रेघ. खाली ऊस, मग नारळाची दोन झाडं, मग नुसतं पांढुरकं निळं, आणि त्यात कुठंतरी तो. बस्तीचा डोंगर.

निपाणीत आमच्यासारख्या जैनांच्या घरात देवळाला बस्ती म्हणतात. गल्लीतली बस्ती वेगळी. ही डोंगरावरची, पार्श्वनाथाची, गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर. आमच्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या आप्पाण्णांच्या गच्चीवरून सरळ पश्चिमेला दिसते. म्हणजे दिसते असं सगळे म्हणतात. डोंगराच्या नाकावर एक पांढरा ठिपका आहे, तेच देवळाचं शिखर.

आप्पाण्णांच्या मंडळींना, लक्ष्मीआज्जींना, लग्न होऊन आल्यापासून नेम आहे. त्या ठिपक्याचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. पावसाळ्यात डोंगरच दिसत नाही, म्हणून चातुर्मासात गल्लीतल्या बस्तीत जायचं, आणि दिवाळीनंतर परत गच्ची. चव्वेचाळीस वर्षं. आणि या मार्गशीर्षात आज्जी न्हाणीघरात पडल्या. खुब्यात प्लेट बसवली. डॉक्टरांनी जिना बंद केला.

तरी महिनाभर शेजारचे दोघं त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेत होते. जिना अरुंद, वळणाचा. गेल्या सोमवारी खुर्चीचा पाय निसटला; आप्पाण्णांनी छातीनं अडवली म्हणून बरं. त्यानंतर ते बंद झालं. आणि आज्जी जेवेनात. म्हणजे जेवायच्या, पण नेम मोडला म्हणून दुपारी बारापर्यंत निर्जळ बसून, मग एक भाकरी. शुगरच्या गोळ्या सकाळी नाष्ट्यानंतरच्या. दोनदा चक्कर आली.

आप्पाण्णा उपाध्यांना विचारून आले. ते गल्लीतल्या बस्तीतले पुजारी, वयानं आप्पाण्णांपेक्षा लहान पण शब्दाला पक्के. ते म्हणाले, "फोटोतलं दर्शन चालतंय की. पण शिखर दिसाय पायजे. नुसता डोंगर चालणार न्हाय."

म्हणून तो फोटो माझ्यापुढं होता.

मी विनयदादांच्या स्टुडिओचं काम घरून करते. लग्नाचे अल्बम, बारशाचे बॅनर, पासपोर्टच्या फोटोतली पाठीमागची भिंत पांढरी करायची. अरिहंत, म्हणजे माझा नवरा, कागलला कंपनीत शिफ्टला. विनयदादा त्याचे वर्गमित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात आणि पैसे वेळेवर देतात, हे दोन्ही एकाच दमात सांगतात.

आधी आज्जींच्या नातवानं बेंगलोरला जायच्या दिवशी मोबाईलवर झूम करून काढलेला फोटो पाठवला होता. त्यात ओढून काढण्यासारखं काही नव्हतंच. जरा उजेड फिरवला की चौकोन चौकोन फुटायचे, भिजलेल्या कागदासारखे. मी विनयदादांना म्हटलं, "ह्यात डोंगराचा कण बी न्हाय. तुमची पाखरांची, लांबचं ओढणारी लेन्स घेऊन जावा. सकाळी लवकर. ऊन तापलं की हवा हलतीय, ते मला इथं बसून काढता यायचं न्हाय."

"व्हय वहिनी, पाखरांची लेन्स आता डोंगराला," ते म्हणाले. पण गेले. पावणेआठला, ट्रायपॉड लावून, सूर्य पाठीमागं घेऊन, सगळा तपशील राहील अशा रॉ फाईलमध्ये. धुकट मात्र होतंच. उसाचं पाचट पेटवायचे दिवस. धुराचा थर आमच्या रानावर बसतो तो दहा-अकरापर्यंत उठत नाही.

पहिल्यांदा मी जे केलं ते सगळेच करतात. धुकट काढणारी डीहेझची पट्टी धरली आणि ओढली. तीस, पन्नास, ऐंशी. डोंगर धाडकन पुढं आला. अगदी दारात. आणि त्याच्याबरोबर आभाळ वादळ यावं तसं काळंनिळं झालं, कोपरे काजळले, जवळचा ऊस प्लॅस्टिकसारखा हिरवागार, आणि डोंगराच्या कडेनं एक पांढरी झालर उमटली. कुणी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा डोंगर. लग्नाच्या बॅनरवर हे खपतं. आज्जींनी चव्वेचाळीस वर्षं हाच डोंगर बघितलाय. त्यांना हे खपणार नव्हतं.

परत शून्यावर आले. विचार केला तर सोपं होतं. धुरकट सगळीकडं सारखं नसतं. ऊस दीडशे मीटरवर, डोंगर दहा किलोमीटरवर. मधली सगळी हवा डोंगराच्याच वाट्याला आलेली. त्यातही पायथ्याला धूर दाट, माथ्याला पातळ. मग एकच पट्टी सगळ्याला कशी लागणार? मी आभाळाला वेगळा मास्क केला, म्हणजे तेवढाच भाग सुटा निवडला, आणि त्याला हात लावला नाही. उसाला हात लावला नाही. डोंगरापुरता मास्क, पायथ्याकडं जोर जास्त, माथ्याकडं कमी. त्यात डीहेझ पस्तीस. मग उजेड-अंधाराच्या कर्व्हचं खालचं टोक थोडं दाबलं, म्हणजे सावल्यांना सावलीचा रंग आला. तोवर त्या राखेसारख्या होत्या.

निळेपणा राहिला. लांबची हवा निळा उजेड जास्त पसरवते, म्हणून लांबचं सगळं निळं दिसतं, आणि पडदा पातळ केला की तो निळा आणखीच चढतो. मास्कमध्येच रंग थोडा उबदार केला, निळ्याचा भडकपणा उतरवला. सगळा नाही. सगळा निळा काढला असता तर डोंगर लांबचा राहिलाच नसता. हळूहळू निळ्यातून वाळल्या गवताचा पिवळा आला, जांभ्या दगडाचा तांबूस आला. मला एकदम आनंद झाला, आरोही पहिल्यांदा पालथी पडली होती तेव्हासारखा, सांगायला घरात कुणी नाही तसा.

मग क्लॅरिटी. ती मधल्या छटांमधला फरक वाढवते. एक एक घळ, एक एक सोंड सुटी व्हायला लागली. थोडंसंच, कडेला झालर आली की मागं. मग टेक्श्चर, माथ्यावरच्या झाडांसाठी. त्यानं दाणे उठले, ते नॉईजच्या पट्टीनं बसवले. आणि मग शंभर टक्के झूम करून मी शिखराकडं गेले, कारण दाखवायचं तर तेच होतं.

पांढरा ठिपका चौकोनी होता.

मी पट्टी मागं घेतली, परत पुढं आणली. डोळे चोळले. चौकोनीच. वर सपाट. डाव्या बाजूला उभी बारीक रेघ, तिला आडव्या काड्या. लोखंडी शिडी. आणि खालून उताराला लागलेली एक काळी पाईप.

पाण्याची टाकी.

लाईट आली. पंखा फिरायला लागला. सॉफ्टवेअरची चूक म्हणावी तर हे त्याला जमतच नाही. ते नसलेलं काही आणत नाही, धुराखाली दबलेला फरक तेवढा ताणतं. शिडी तिथं होती म्हणून दिसली.

मग शिखर कुठं? मी माथ्याच्या कडेकडेनं सरकत गेले, तांदूळ निवडावेत तशी. डावीकडं, बरंच खाली, दोन सोंडांच्या मधल्या खोलगट झाडीत काहीतरी फिकट उभं होतं. त्यावर छोटा मास्क टाकून जरा उजळवलं. पिवळसर रंग, उन्हापावसानं विटलेला, झाडांच्या सावलीत. थरावर थर चढत गेलेले. टोकाला कळस. हेच. नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखं ते कधीच नव्हतं; मागच्या उताराचा रंग आणि त्याचा रंग धुरकटात एक होऊन जातो. टाकीला चुना मारलेला, सकाळचं ऊन सरळ तोंडावर घेते, म्हणून ती चमकते.

"आई, पाणी," आरोही उठली होती.

पाणी देऊन, भुईमुगाचा लाडू हातात देऊन मी विनयदादांना फोन लावला.

ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "वहिनी, हे कुणाला सांगितलं न्हाय न्हवं?"

"तुमालाच."

"मग सोप्पं हाय. शिखर कापा, टाकीच्या जाग्यावर बसवा. टाकी फुसून टाका. धा मिंटाचं काम."

"दादा, डोंगर हाय त्यो."

"अन् मागच्या महिन्यात संकेश्वरच्या लग्नात दुबईचा मामा कुणी चिकटवला? तुमीच न्हवं? त्याची सावलीसुद्धा बरोबर पाडलीसा. मामा चालतोय, देव न्हाय व्हय चालत?"

फोन ठेवला आणि केलं. खरंच दहा मिनिटं लागली. शिखर उचललं, टाकीवर ठेवलं, ऊन डाव्या अंगावर घेतलं, वर थोडं धुरकट परत चढवलं म्हणजे ते लांबचं वाटावं. टाकीच्या जागी बाजूचं गवत पसरलं. आणि इतकं सुंदर दिसलं की मला माझीच भीती वाटली. डोंगराच्या नाकावर, आभाळाला लागून, पार्श्वनाथाचं शिखर. जिथं असायला हवं होतं तिथं.

चार वाजता आप्पाण्णा आले. विनयदादांनीच पाठवलं होतं, नजर टाकून घ्या, मग बेळगावला लॅबला छापायला जाईल म्हणून. पांढरी टोपी, धोतर, हातात केळ्यांचा घड आरोहीसाठी. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, परत पुसला.

मी फोटो समोर लावला.

ते बघत राहिले. आरोही त्यांच्या गुडघ्याला टेकून केळं सोलत होती. कौतुक ऐकायची सवय लागलेली असते ना, मी वाट बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "हितं शिखर न्हाय."

मी माऊसवरचा हात काढला.

"हितं टाकी हाय. मला ठावं हाय. माझ्याच बैलगाडीनं शिमिट चढवलंय की तिथं. वरच्या वाडीला पाणी द्यायला बांधली. लग्नाच्या आदल्या साली."

"मग आज्जींना..."

"आईनं दाखिवलं." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "आमची आई आधी नुसत्या डोंगराकडं बघून हात जोडायची. टाकी झाली, तिला चुना मारला, सकाळच्याला चमकाय लागली. आईला वाटलं, बस्तीला रंग दिला. लई खूश झाली. घरात नवी सून आली तर तिला गच्चीवर न्हेऊन म्हणाली, ते बघ, देव आपल्याला घरातनं दिसतोय. आता मी काय बोलू? आईला म्हणू तुझं खोटं, का नव्या बायकूला म्हणू?"

"नंतर तरी."

"नंतर पाच वर्सं झालती. पाच वर्सं हात जोडलेल्या माणसाला कसं सांगायचं? म्हणून न्हाय सांगितलं. मग धा झाली. मग ते वाढतच गेलं." ते हसल्यासारखे झाले. "दोनदा यात्रेला गेलतो, दोघं. दुसऱ्या अंगानं टेम्पो जातोय. बस्ती झाडीत. तिथनं आपलं गाव दिसतच न्हाय, म्हणून तिच्या ध्यानात आलं न्हाय. मी दोनी बारी देवाफुडं गुमान हुबा ऱ्हायलो."

आरोहीनं त्यांना केळ्याचा तुकडा दिला. त्यांनी खाल्ला.

"हेच ऱ्हाऊ दे," ते उठता उठता म्हणाले. "लई झ्याक केलंयस. ती जेवू दे म्हणजे झालं."

"आप्पा, उपाध्ये काय म्हणाले? शिखर दिसाय पायजे."

"दिसतंय की."

"तिथं न्हाय ते."

ते दारात थांबले. त्यांना राग आला असं वाटलं, पण नव्हता. "साकु," ते कानडीत स्वतःशीच बोलले, पुरे झालं म्हणून. आणि मला म्हणाले, "तू पोटुशी असताना नेम धरलातास?"

"व्हय. गोड खायचं न्हाय, नऊ म्हैने."

"मोडलास?"

"एकदा. आईस्क्रीम."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला न्हाय."

"मग तूच ठरीव," असं म्हणून ते गेले. जिन्यावर काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आम्ही जेवून घेतो. भांडी घासताना माझं लक्ष नव्हतं. दोन गोष्टी करता येत होत्या. शिखर चिकटवलेलं तसंच ठेवायचं. किंवा ते काढून टाकीच्या भागापुरतं डीहेझ उलटं फिरवायचं, पडदा परत चढवायचा, म्हणजे टाकी परत ठिपका होणार. आज्जींना जन्मभर दिसलं तेच दिसणार, आणि खोटं असं मी काहीच केलेलं नसणार. हे मला जास्त आवडलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तसं केलंही. मग नजर डावीकडं गेली. खालच्या खोलगट झाडीतलं ते विटलेलं पिवळं शिखर. धुरकटातून मीच वर काढलेलं. त्यावर परत पडदा टाकला असता तर दर्शनाच्या फोटोत दर्शन तेवढं नसतं. आणि ठिपक्यावर पडदा ठेवून शिखर तेवढं उघडं ठेवावं, तर आज्जी बघणार ठिपक्याकडं, आणि मला ठाऊक असणार की कशाकडं.

इतके दिवस ठिपका त्यांचा त्यांना दिसत होता. आता तो मी बनवून देणार होते.

सगळे थर बंद केले आणि पहिल्यापासून परत केलं. काही चिकटवलं नाही, काही झाकलं नाही. टाकी टाकीच राहिली. तिचा पांढरा तेवढा खाली आणला, कारण तो डोळ्यांत घुसत होता. शिखरावर थोडा उजेड, थोडी ऊब, झाडीपासून सुटं दिसेल एवढं. कॅनव्हासवर छापलं की सगळं एक छटा काळवंडतं, म्हणून सावल्या जरा उचलल्या. विनयदादांना फाईल पाठवली आणि खाली लिहिलं, असंच छापा.

त्यांचा फोन आला. "वहिनी, म्हातारी जेवायचीच बंद झाली तर?"

"तर माझ्यावर ढकला."

"ढकलणारच की. मी न्हवं."

पण बेळगावहून छापून स्वतःच घेऊन आले, पाच बाय तीन फुटांचा कॅनव्हास, लाकडी चौकटीवर ताणलेला. ठोकायला आम्ही सगळे गेलो, विनयदादा, मी, आणि मला सोडून न राहणारी आरोही. सकाळचे साडेआठ. आज्जी पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, अंघोळ करून, पांढरं पातळ, ओले केस मागं सोडलेले. चेहरा उतरलेला. शेजारी स्टुलावर झाकलेलं ताट. आप्पाण्णांनी मला बघितलं. फोटोकडं बघितलं. त्यांना एका नजरेत कळलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

विनयदादांनी खिळे मारले. आज्जींनी डोळे मिटून घेतले होते. लागल्यावर उघडणार म्हणाल्या.

"उघडा आज्जी," आरोहीच म्हणाली.

त्यांनी उघडले. हात जोडलेलेच होते. नजर सरळ डोंगराच्या नाकावर गेली, जिथं रोज जायची. मग हात जोडलेलेच राहिले आणि मान पुढं आली. मागच्याच वर्षी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. चांगलं दिसत होतं त्यांना.

"हे चौकोनी काय गं?" त्या मला म्हणाल्या.

रात्रभर जुळवलेलं वाक्य मी सोडून दिलं. "टाकी हाय, आज्जी. पाण्याची."

"टाकी."

"व्हय."

"बस्तीफुडं टाकी बांधली व्हय मेल्यांनी?"

"न्हाय आज्जी. तिथं टाकीच हाय. पहिल्यापास्नं."

विनयदादा हातोडी पिशवीत घालायला लागले, बराच वेळ घालत राहिले. आज्जींनी हात मांडीवर सोडले.

"ओ," त्या खिडकीकडं म्हणाल्या. नवऱ्याला त्या एवढीच हाक मारायच्या.

आप्पाण्णा वळले नाहीत.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"बांधली तवापास्नं."

"आणि मला जिन्यानं खुर्चीत घालून न्हेत हुतासा. पडून मेली असती म्या. टाकीपायी."

"म्हणून तर छाती आड घातली," आप्पाण्णा भिंतीला म्हणाले.

मला वाटलं आता त्या ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी डोळ्यांना पदर लावलाही. पण पदर खाली आला तेव्हा त्या रागावलेल्या होत्या, नुसत्या रागावलेल्या, दूध उतू गेल्यावर बायका रागावतात तशा. "सासूबाईंचं डोळं अधू हुतं. तुमचं तर न्हवतं. आई गेल्यावर तरी सांगायचं. येवढं शेत केलंसा, पोरं केलीसा, येक गोष्ट बोलाय तोंड न्हवतं?" मग मला, "मग बस्ती कुठं हाय? का तीबी न्हाय?"

मी पलंगाच्या कडेनं कॅनव्हासजवळ गेले आणि बोट ठेवलं. डावीकडं, खाली, दोन सोंडांच्या मध्ये.

त्या बघत राहिल्या. फार वेळ. मला वाटलं दिसलंच नाही, सावल्या अजून उचलायला हव्या होत्या. मग त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली, णमोकार मंत्र म्हणत होत्या, आवाज न करता. हात वर आले. पहिल्यांदा, सवयीनं, उजवीकडं गेले, नाकावर. मध्येच थांबले. आणि मग आख्खं अंग थोडं डावीकडं वळवून, खुब्यात कळ आली असणार, दात आवळून, त्यांनी खाली त्या पिवळ्या शिखराला हात जोडले.

"लई लहान दिसतंय," म्हणाल्या.

"लांब हाय आज्जी."

"व्हय. लांबच हाय." त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. उप्पीट गार झालं होतं. पहिला घास घेतला, चावला, गिळला. आप्पाण्णा वळून बघत होते. "ह्यास्नी वाढू नगा कुणी," आज्जी म्हणाल्या, "बाराला जेवतील आज. निर्जळ." विनयदादा फस्सकन हसले आणि हातोडीची पिशवी पायावर पाडून घेतली.

आप्पाण्णा खरोखर बसून राहिले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

आम्ही निघालो. गल्लीत ऊन आलं होतं. आरोहीनं माझं बोट धरलं होतं आणि ती चालता चालता मागं वळून त्यांच्या गच्चीकडं बघत होती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी ती उभी राहिली.

"आई, आज्जींनी एवढी वर्सं टाकीला नमस्कार केला न्हवं?"

"व्हय बाळा."

"मग देवाला त्यो पोचला का?"